पिन बरोबर होता, तरी मशीन नाही म्हणालं

शनिवारी संध्याकाळी साडेसातला सातारहून मावशीचा फोन आला. पोवई नाक्याजवळच्या औषधाच्या दुकानातून बोलत होती आणि आवाजात घाम फुटल्यासारखं काहीतरी होतं. "अरे, माझं कार्ड मेलं बघ. बरोबर पिन घालतेय तरी घेत नाही."

माझी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात गेली, त्यामुळे घरातली सगळी कार्डं आजारी पडली की आधी माझ्याकडे येतात. मी विचारलं, आधी चुकीचा पिन किती वेळा घातलास? त्यावर ती जरा गप्प झाली. मग हळूहळू हकिगत बाहेर आली. संध्याकाळी ती एटीएममध्ये गेली होती. तिथे पिन चुकला. मशीनच बिघडलं असेल असं समजून रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये गेली. तिथेही तेच. मग कंटाळून औषधांच्या दुकानात आली, सहाशे चाळीस रुपयांचं बिल झालं, कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पुन्हा तोच पिन दाबला. तो घेतला नाही तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तिन्ही वेळा यूपीआयचा पिन घालतोय. कार्डाचा पिन वेगळा. तो आठवून चौथ्यांदा बरोबर घातला, आणि नेमका तोच मशीनने नाकारला.

"दुकानदाराला विचार, मशीनवर काय आलंय?"

काउंटरवरच्या पोराने वाचून दाखवलं. काहीतरी इंग्रजी ओळ आणि शेवटी ७५.

एवढ्यावरून मला कळलं की कार्ड मेलेलं नव्हतं. त्याच्या एका दाराला आतून कडी बसली होती. ही कडी कोण घालतं, कुठे घालतं आणि ती काढायची कशी, हे कार्ड वापरणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. बँकाही ते धड सांगत नाहीत.

मावशीचा पहिला गैरसमज असा होता की चूक एटीएम मोजतं. तीन वेगळ्या मशीनवर एकेकदाच चुकलो, म्हणजे प्रत्येक मशीनच्या लेखी एकच चूक, असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात मशीन काहीच मोजत नाही. मशीन पोस्टमनचं काम करतं. आपण चार आकडे दाबतो ते कीपॅडच्या आतच कार्डाच्या नंबराशी एकत्र केले जातात आणि कूटरूपात बंद होतात. या गाठोड्याला आमच्याकडे पिन ब्लॉक म्हणतात. कार्डाचा नंबर त्यात मिसळलेला असल्यामुळे नवरा-बायकोने दोघांच्या कार्डांना एकच पिन ठेवला, तरी बाहेर जाणारी गाठोडी वेगळी दिसतात. एटीएम ज्या बँकेचं आहे तिच्याकडे ते जातं. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर तिथून एनपीसीआय चालवत असलेल्या नॅशनल फायनान्शियल स्विचमधून ते कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोचतं. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर गाठोड्याचं कुलूप बदललं जातं, पण आतले आकडे कोणाच्याही नजरेला पडत नाहीत.

शेवटच्या मुक्कामी ते एका लोखंडी पेटीसारख्या यंत्रात शिरतं. त्याला एचएसएम म्हणतात. कोणी ती पेटी उचकटायचा प्रयत्न केला तर ती आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. ही पेटी पिन पडताळते आणि बाहेरच्या संगणकाला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगते. बँकेच्या साठ्यात तुमचा पिन उघड्या आकड्यांत लिहून ठेवलेला नसतो. म्हणून "तुमचा पिन आम्हाला दिसतोय, फक्त खात्री करायची आहे" असं फोनवर कोणी म्हणालं, तर तो बँकेचा माणूस नव्हे.

मोजणी होते ती इथे. तुमच्या कार्डाच्या नोंदीत, मुदत आणि मर्यादा यांच्याच शेजारी, एक छोटासा घर असतो. पेटीने नाही म्हटलं की त्यात एक मिळवला जातो. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचायच्या आत बरोबर पिन आला तर तो परत शून्य होतो. मर्यादा बहुतेक बँकांत तीनची. मावशीच्या कार्डावर पहिल्या एटीएमने एक, दुसऱ्याने दोन आणि औषधाच्या दुकानाने तीन केला. त्यानंतर चौथ्यांदा जो पिन आला तो बरोबर आहे की चूक, याला अर्थच उरला नव्हता. मर्यादा भरली की उत्तर ठरलेलं असतं. बरोबर पिनलाही नाही म्हणायचंच असतं, कारण चौथ्यांदा अचूक आकडे घालणारा माणूस मालक आहे की नशीबवान चोर, हे बँकेला कळायला मार्ग नसतो.

उत्तर परत येतं तेव्हा त्यात दोन अंकी सांकेतिक क्रमांक असतो. ५५ म्हणजे पिन चुकला. ७५ म्हणजे चुकण्याची मुभा संपली. हे क्रमांक कार्डांच्या व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. दुकानातलं मशीन बऱ्याचदा ते पडद्यावर किंवा पावतीवर दाखवतं, पण एटीएम त्याचं भाषांतर करून "आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही" असलं गुळमुळीत वाक्य समोर ठेवतं. ग्राहकाला खरं कारण साध्या मराठीत सांगायला कोणाची हरकत आहे, हे नोकरीत असतानाही मला कधी उमगलं नाही.

तीनच का? पिन चार आकडी, म्हणजे ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार शक्यता. मोजणी नसती तर सापडलेलं कार्ड घेऊन चोर एटीएमच्या गारव्यात बसला असता. एका प्रयत्नाला पंधरा सेकंद धरले तर पावणेदोन दिवसांत दहाही हजार पिन घालून झाले असते. दिवसाला तीनच संधी दिल्या तर तेवढ्याच कामाला नऊ वर्षं लागतात, आणि त्याआधी केव्हाच कार्ड हरवल्याची तक्रार झालेली असते. पिन चार आकडी असण्याची एक घरगुती कथा आहे. लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये १९६७ साली बसवलेल्या बँकेच्या नोटा देणाऱ्या यंत्रामागे जॉन शेफर्ड-बॅरन हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. सहा आकडी क्रमांक ठेवावा असं त्यांच्या मनात होतं, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या बायकोने सांगितलं की माझ्या चारच आकडे लक्षात राहतील. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली.

दहा हजारांत तीन संधी हे गणित मात्र लोकांनी पिन चिठ्ठ्या टाकून निवडला तरच खरं. माणसं जन्मसाल घेतात, जन्मतारीख घेतात, १२३४ घेतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ साली हिशेब मांडला. पाकिटात कार्डासोबत जन्मतारीख असलेलं ओळखपत्रही असतं, तेव्हा हुशार चोराला साधारण अकरा ते अठरा पाकिटांमागे एका कार्डाचा पिन साधेल, असा त्यांचा अंदाज होता. अकराचा आकडा १२३४ सारखे पिन चालवून घेणाऱ्या बँकांचा आणि अठराचा ते नाकारणाऱ्यांचा. आपल्याकडे आधार आणि लायसन्स याच पाकिटात असतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. कडी निघते कधी? इथे बँकेगणिक रीत बदलते. काही बँकांत रात्री बारा वाजता मोजणी शून्यावर येते, काहींत शेवटच्या चुकीपासून चोवीस तास मोजतात. ग्राहकाला हे दोन्ही "उद्या चालू होईल" असंच ऐकू येतं आणि घोटाळा होतो. चोवीस तासांची रीत असेल तर शनिवारी साडेसातला अडकलेलं कार्ड रविवारी सकाळी दहाला चालत नाही. माणूस वैतागून पुन्हा पुन्हा पिन दाबत बसतो. बरीच मोठी सोय अशी की बँकेच्या अ‍ॅपमधून, नेटबँकिंगमधून किंवा ओटीपी घेऊन एटीएमवरच नवा पिन करता येतो. याला ग्रीन पिन म्हणतात. नवा पिन घेतला की पुष्कळ बँकांत मोजणीही लगेच शून्य होते.

कायमची कडी का घालत नाहीत, असं एकदा एका ग्राहकाने मला रागाने विचारलं होतं. त्याचं कार्ड चोरीला गेलं होतं आणि चोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन संधी मिळाल्या या विचाराने त्याची झोप उडाली होती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण कडी कायमची असती तर खोडी काढायला कोणीही तुमचं कार्ड तीनदा चुकीच्या पिनने खुपसून तुम्हाला महिनाभर बिनपैशाचं ठेवू शकलं असतं. पिनची कडी म्हणून तात्पुरती असते. कार्ड हरवलं असेल तर फोन करून किंवा अ‍ॅपमधून ते हॉटलिस्ट करावं लागतं, आणि ते सहसा परत जिवंत होत नाही, नवंच घ्यावं लागतं. बोलताना आपण दोन्हींना "कार्ड ब्लॉक झालं" म्हणतो. मदत केंद्रातल्या मुलीला "माझं कार्ड ब्लॉक झालंय, काहीतरी करा" असं सांगून मूळ पिनची अडचण असताना चांगलं कार्ड हॉटलिस्ट करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तिला "पिन लॉक झाला आहे" असं सांगावं.

एक उपप्रकार परदेशात भेटतो. काही देशांतल्या मशीनवर पिन बँकेपर्यंत न जाता कार्डावरच्या चिपमध्येच तपासला जाऊ शकतो. अशी सोय असलेल्या चिपला स्वतःची मोजणी असते. ती संपली तर रात्रीचे बारा वाजून काही होत नाही, कारण बँकेने आपली मोजणी पुसली तरी चिपला ते कळलेलं नसतं. कार्ड मशीनमध्ये घालून बँकेकडून तशी आज्ञा चिपपर्यंत पोचावी लागते. आपल्याकडे पिन बहुधा बँकेकडेच जातो, त्यामुळे हा त्रास थोड्यांनाच होतो.

आणखी एक गोष्ट मावशीला विशेष आवडली. चुकीच्या पिनमुळे नाकारलेला व्यवहार महिन्याच्या मोफत एटीएम व्यवहारांत धरायचा नाही आणि त्यासाठी पैसेही आकारायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पण औषधांचं बिल अजून बाकी होतं. काउंटरवरचं पोरगं चलाख. म्हणालं, "मावशी, पिन राहू द्या, टॅप करा." मावशीने कार्ड मशीनवर टेकवलं. पुन्हा नकार. या वेळी क्रमांक होता ५७.

फोनवर मावशी म्हणाली, "बघ, म्हणजे मेलंच ना!" तिच्या दृष्टीने दोन्ही नकार सारखेच. पण ५७ म्हणजे या कार्डाला असल्या व्यवहाराची परवानगीच नाही. पिनच्या भानगडीशी त्याचा काही संबंध नव्हता. ते कार्ड सहा महिन्यांपूर्वी पोस्टाने आलं, तेव्हापासून त्याचं टॅपचं बटण बंदच होतं.

याचं मूळ रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकात आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते पूर्णपणे लागू झालं. नवं किंवा बदली कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरायला चालू असतं. ऑनलाइन, टॅप आणि परदेशी वापर ही तिन्ही बटणं बंद. ती मालकाने स्वतः उघडायची. जुन्या कार्डांपैकी ज्यांनी कधीच ऑनलाइन, परदेशात किंवा टॅप करून खर्च केला नव्हता, त्यांचीही ती ती बटणं बंद करायला सांगितलं होतं. बटणं उघडायची, मिटायची आणि प्रत्येकाची मर्यादा कमीजास्त करायची सोय अ‍ॅप, नेटबँकिंग, एटीएम किंवा फोनवरून चोवीस तास द्यायची, आणि काही बदललं की ग्राहकाला संदेश पाठवायचा, हेही त्यातच आलं. "कार्ड नवंकोरं आहे तरी चालत नाही" ही तक्रार त्यानंतर फार वाढली. माझ्या मते नियम चांगला होता, पण कार्डाच्या पाकिटात त्याची चार ओळींची मराठी चिठ्ठी घालायला हवी होती.

टॅपचं बटण उघडं असतं तर मावशीचं सहाशे चाळीसचं बिल पिनशिवाय गेलं असतं का? बहुधा गेलं असतं. पाच हजार रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन मागायची सक्ती नाही. ही मर्यादा आधी दोन हजारांची होती, १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांची झाली. पिनच घ्यायचा नाही म्हटल्यावर पिनच्या मोजणीकडे बघायचंही कारण उरत नाही. तरी काही बँका मोजणी भरलेली असताना कार्डाचे सगळेच व्यवहार थांबवतात, म्हणून बहुधा.

पाच हजारांची रेघ आधी दुकानातलं मशीनच बघतं. रक्कम त्याच्या आत असेल तर कार्डाकडून त्या एका व्यवहारापुरती बनलेली सांकेतिक सही घेऊन ते बँकेकडे पाठवतं. रक्कम वर गेली की पिन मागतं. बँक तिकडे पुन्हा तपासते, शिवाय तुम्ही टॅपसाठी दिवसाची काही मर्यादा ठेवली असेल तर तीही बघते. ही दुसरी मर्यादाच कामाची. कार्ड रस्त्यात पडलं तर सापडणाऱ्याला पिनची गरज नाही. चार-चार हजारांचे टॅप करत तो फिरू शकतो आणि त्याला अडवायला फक्त तुमचा दिवसाचा आकडा असतो. माझ्या कार्डावर तो दोन हजार आहे. त्याहून मोठ्या बिलाला कार्ड मशीनमध्ये घालून पिन दाबायला मला पाच सेकंद जास्त लागतात.

दुकानातल्या नव्या काचेच्या मशीनबद्दल जाता जाता. त्यांतल्या काहींवर आकड्यांच्या जागा दर वेळी मुद्दाम बदलतात, शेजारच्याला बोटांवरून पिन ओळखता येऊ नये म्हणून. पण आपल्यापैकी पुष्कळांना पिन आकड्यांनी नव्हे, बोटांनी पाठ असतो. वर, खाली, मध्ये, खाली. अशा मशीनवर बोटं सवयीने फिरली की पिन चुकलाच.

आता मर्यादांचं. खात्यात पैसे असताना "नाही" आलं की माणसाला अपमान वाटतो. माझ्या चुलत बहिणीवर ही वेळ लक्ष्मी रोडवर, मुलीच्या लग्नाच्या साड्यांच्या दुकानात आली. बिल झालं शेहेचाळीस हजार पाचशे. खात्यात सव्वादोन लाख. कार्डाची दिवसाची खरेदीची मर्यादा पन्नास हजार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मशीनने नाकारलं आणि क्रमांक आला ६१. शिल्लक कमी असती तर ५१ आला असता. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली.

ती विसरली होती की सकाळी तिने मोबाईलवरून रेल्वेची तिकिटं काढली होती, आठ हजारांची, याच कार्डावर. बऱ्याच बँकांत दुकानातली खरेदी आणि ऑनलाइन खरेदी एकाच मापातून मोजली जाते. पन्नासातले आठ गेले, उरले बेचाळीस. शेहेचाळीस हजार पाचशे त्यात मावत नाहीत. अर्धवट देण्याची पद्धत इथे नाही, सबंध रक्कम बसली तर बसली. तिने दुपारी एटीएममधून दहा हजारही काढले होते, पण रोख रकमेचं माप वेगळं असतं, त्यामुळे ते यात धरले गेले नाहीत. शेवटी दुकानदाराने बिलाचे दोन तुकडे केले. बेचाळीस हजार कार्डावर आणि साडेचार हजार यूपीआयने. यूपीआय थेट खात्यातून जातं, कार्डाच्या मर्यादेशी त्याचं देणंघेणं नाही.

मर्यादा म्हणून एकच आकडा कधीच नसतो. कार्डाच्या प्रकाराला बँकेने ठरवलेली कमाल, तिच्या आत तुम्ही स्वतः ठेवलेली, ऑनलाइन, टॅप आणि परदेश यांच्या वेगळ्या, आणि एटीएम असेल तर ते यंत्र एका वेळी किती नोटा देतं ती. या सगळ्यांत जी सर्वांत छोटी, तीच त्या क्षणी तुमची खरी मर्यादा. खात्यातली शिल्लक हे फक्त आणखी एक माप.

ऑनलाइन खरेदीत पिनची जागा ओटीपी घेतो, तेवढं बहुतेकांना माहीत आहे. परदेशी वापराचं बटण मात्र हमखास फसवतं, कारण परदेश म्हणजे काय याची बँकेची व्याख्या आपली नाही. आपण समजतो, मी परदेशात गेलो की आंतरराष्ट्रीय व्यवहार. बँकेला तुम्ही कुठे आहात हे कळत नाही. तिच्याकडे येणाऱ्या निरोपात पैसे घेणाऱ्या बाजूच्या देशाचा तीन अंकी क्रमांक असतो. भारताचा ३५६. तो ३५६ नसेल तर व्यवहार परदेशी.

मागच्या वर्षी मी घरी बसून एका भाषा शिकवणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणी भरायला गेलो. किंमत रुपयांत लिहिलेली, सातशे नव्व्याण्णव. ऑनलाइनचं बटण चालू, मर्यादा भरपूर, खात्यात पैसे. तरी नकार. कारण ती कंपनी पैसे घेत होती आयर्लंडमधल्या बँकेमार्फत. रुपयाचं चिन्ह फक्त ग्राहकाच्या सोयीसाठी होतं. अशा व्यवहाराला दोन बटणं एकदम चालू लागतात, ऑनलाइनचं आणि परदेशाचं. एक जरी बंद असेल तरी ५७. उलट बाजूही तितकीच खरी. माझा मावसभाऊ दुबईत असतो. तिथून तो पुण्याच्या एका दुकानाच्या संकेतस्थळावरून आईला फराळ पाठवतो तेव्हा त्याच्या भारतीय डेबिट कार्डाचा तो व्यवहार देशी ठरतो आणि परदेशाचं बटण बंद असलं तरी चालतो. संध्याकाळी तो तिथल्याच किराणा दुकानात तेच कार्ड घालतो, ते मात्र परदेशी.

परदेशात मोजणी रुपयांत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिल दिरहॅममध्ये असलं तरी बँकेपाशी ते त्या क्षणाच्या दराने रुपये होऊन पोचतं आणि ते तुमच्या मर्यादेशी ताडलं जातं. परदेशी मर्यादा वीस हजार ठेवून एकोणीस हजार नऊशेच्या हिशेबाची खरेदी केली तर दराच्या चार पैशांनी ती अडकू शकते. आणि टॅपची पाच हजारांची रेघ ही आपल्या देशातली आहे. तिकडचं मशीन तिथल्या रेघेने पिन मागतं.

या बटणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. भारतातल्या संकेतस्थळावर कार्डाचा नंबर चोरीला गेला तरी ओटीपीची अडसर राहते. परदेशातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर ओटीपी न मागता, नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जाऊ शकतात. तेव्हा चोराच्या आणि तुमच्या खात्याच्या मध्ये परदेशाचं बटण हीच एक फळी उरते. म्हणून मी ते बंद ठेवतो. वर्गणी भरायची त्या दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन उघडतो, मर्यादा हजार करतो, पैसे भरतो आणि परत मिटतो. उघडल्याचा आणि मिटल्याचा असे दोन संदेश येतात. यातला पहिला संदेश तुम्ही काही न करता आला, तर तिथेच हातातलं काम टाकून बँकेला फोन लावायचा.

मावशीने त्या शनिवारी बिल यूपीआयने भरलं. ज्या पिनने कार्ड अडकवलं होतं तोच इथे चालला. तिच्या बँकेत मोजणी रात्री बाराला पुसली जाते, त्यामुळे रविवारी सकाळी कार्डाचा पिन पहिल्या झटक्यात लागला. टॅपचं बटण मी तिला फोनवरून उघडायला लावलं आणि मर्यादा हजारावर ठेवली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तिचा फोन आला, त्याच दुकानातून. "अरे, बिल अकराशे चाळीस झालंय. टॅप केलं तर ६१ म्हणतंय. हे आपण ठेवलेल्या हजाराचं ना?"

हो म्हटलं.

"मग राहू दे, घालते पिन."